गटार 220 मीटर, पण पाणी जाणार कुठं? गावचा विकास आराखडा कसा तपासायचा

दरवर्षी 2 ऑक्टोबर जवळ आला की गावागावात पुढच्या वर्षाच्या आराखड्याची गडबड सुरू होते. ग्रामसभेत भाऊसाहेब यादी वाचून दाखवतात, वॉर्ड 1 मध्ये पेव्हर ब्लॉक 4 लाख, वॉर्ड 3 मध्ये बंदिस्त गटार 6 लाख, शाळेला कंपाउंड 3 लाख, मग कोणीतरी "मंजूर" म्हणतं आणि सगळे उठतात. त्या यादीतल्या एका ओळीवर आपल्या घरासमोरचं पुढच्या 10-15 वर्षांचं चित्र ठरलेलं असतं, पण ती ओळ बरोबर आहे का चूक हे कसं बघायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

मी आमच्या गावच्या आराखड्याच्या संसाधन गटात दोन वर्षं होतो. संसाधन गट म्हणजे आराखडा बनवायला मदत करणारी गावातलीच माणसं, शिक्षक, आशा ताई, बचत गटाच्या बायका, एखादा रिटायर्ड माणूस वगैरे. तिथं एकाच कामाचा प्रस्ताव आम्ही नीट उलगडून बघितला आणि माझे डोळे उघडले. तेच काम इथं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या गावची यादी वाचताना काय विचारायचं ते कळेल. आकडे गोल केलेत.

आधी थोडक्यात, हा आराखडा असतो काय

ग्रामपंचायत विकास आराखडा म्हणजे गावाला येत्या वर्षात किती पैसे येतील आणि ते कशावर खर्च करायचे याची ग्रामसभेनं मंजूर केलेली यादी. महाराष्ट्रात 14व्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीकडं यायला लागले तेव्हापासून हे काम 'आमचं गाव, आमचा विकास' या नावानं चालतं. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर (egramswaraj.gov.in) चढवतात आणि तो कुणालाही घरबसल्या बघता येतो, त्याला ना लॉगिन लागतं ना अर्ज.

वित्त आयोगाचे सगळे पैसे मनाला येईल तसे वापरता येत नाहीत. 15व्या वित्त आयोगात 2021-22 पासून 60 टक्के निधी 'बंधित' होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता एवढ्यासाठीच, उरलेला 40 टक्के अबंधित. बायको किराण्याचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवते आणि त्याला हात लावू देत नाही, तसंच हे. म्हणूनच गावोगावी इतकी गटारं दिसतात, कारण सांडपाण्याचं काम बंधितमध्ये बसतं आणि गटार बांधणं सोपं असतं.

विहीर खणणं वेगळं, पाणी लागणं वेगळं

आमच्या यादीतली ओळ अशी होती: 'वॉर्ड क्र. 3 मध्ये बंदिस्त गटार बांधकाम, लांबी 220 मी., अंदाजित रक्कम 6,00,000'. अपेक्षित परिणामाच्या रकान्यात लिहिलं होतं 'ग्रामस्थांची सोय होईल व स्वच्छता राखली जाईल'.

आता विचार करा, विहीर खणली हे झालं काम, आणि पाणी लागलं हा झाला परिणाम. 60 फूट खणली म्हणून पैसे दिले तरी भांडं कोरडंच राहू शकतं. गटाराचंही तेच, 220 मीटर गटार झालं हे काम. परिणाम काय, तर गल्लीत साचणारं पाणी बंद झालं का आणि ते पाणी दुसरीकडं जाऊन कुणाचं नुकसान करत नाहीये ना. 'सोय होईल' हे वाक्य दोन वर्षांनी तपासताच येत नाही, कोणी म्हणेल झाली कोणी म्हणेल नाही झाली, आणि वाद घालत बसायचं.

म्हणून आम्ही आधी मोजलं. वॉर्डात 70 घरं, घरटी 5 माणसं धरली तर 350. जल जीवन मिशनच्या हिशोबानं माणशी रोज 55 लिटर पाणी मिळायला पाहिजे, म्हणजे 19,250 लिटर, आणि वापरलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं असं धरतात. ते होतं जवळपास 15,400 लिटर, म्हणजे 5 हजार लिटरचे तीन टँकर रोज, बारा महिने, न चुकता. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं की गटार म्हणजे नुसता रस्ता आहे, हे तीन टँकर रोज रिकामे कुठं करायचे ते ठरवल्याशिवाय त्या रस्त्याला अर्थ नाही.

मग फेब्रुवारीत आशा ताई आणि दोन पोरं गल्ली फिरली आणि पाणी साचलेल्या जागा मोजल्या, त्या भरल्या 11. फेब्रुवारीच का, तर पावसाळ्यात सगळीकडंच पाणी असतं, कुठलं पावसाचं नि कुठलं मोरीचं कळत नाही, फेब्रुवारीत जे साचलंय ते घरातलंच. हे आम्हाला पहिल्या वर्षी सुचलं नव्हतं, ऑगस्टमध्ये मोजलं होतं आणि ती मोजणी फुकट गेली.

त्यावरून परिणाम असा लिहिला: 'आज 11 जागी सांडपाणी साचतं, काम झाल्यानंतरच्या फेब्रुवारीत 2 पेक्षा जास्त जागी साचू नये, आणि नाल्याजवळच्या सार्वजनिक विहिरीमुळं ग्रामपंचायतीचं हिरवं कार्ड जाऊ नये.' कार्डाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरोग्य विभाग वर्षातून दोनदा गावातल्या पाण्याच्या स्रोतांची आणि भोवतालच्या स्वच्छतेची पाहणी करतो आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो, लाल म्हणजे धोका. ही तपासणी तशीही होतच असते, तिच्यासाठी वेगळा खर्च नाही, मग तिचाच वापर का करू नये.

कुणीतरी म्हणालं डेंग्यूचे पेशंट किती कमी झाले ते लिहू. ऐकायला चांगलं वाटतं, पण एका वॉर्डात वर्षाला दोन-तीन पेशंट असतात, एखादा पुण्याहून आजारी होऊन येतो, एखाद्याची टेस्टच होत नाही. इतक्या छोट्या आकड्यावरून गटारामुळं फरक पडला का हे ठरवता येत नाही. माप असं घ्यावं की ज्याच्यावर त्या कामाचा थेट परिणाम होतो आणि गावातलाच माणूस जे मोजू शकतो.

"अंदाजपत्रक इंजिनिअरचं काम, आपल्याला काय कळणार?"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. सिमेंटचं प्रमाण, स्टील, ते खरंच आपल्याला कळत नाही आणि त्यासाठी तांत्रिक मान्यता असते, म्हणजे इंजिनिअर साहेब सही करून सांगतात की डिझाईन आणि दर बरोबर आहेत. दर ठरलेले असतात सरकारी दरसूचीप्रमाणं, त्यात फार वाव नसतो. गडबड बहुतेक वेळा दरात नसतेच, ती असते मापात. आणि माप आपल्याला कळतं, शेतकऱ्याच्या पोराला लांबी-रुंदी-खोली शिकवायची गरज नाही.

अंदाजपत्रकात मुख्य दोन कागद बघा. एक मोजमापाचा, ज्यात खोदाई किती, काँक्रीट किती हे लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली करून लिहिलेलं असतं, आणि दुसरा गोषवारा, ज्यात त्या मापाला दर लावून रक्कम काढलेली असते आणि खाली जीएसटी वगैरे मिळवलेलं असतं. 6 लाखात 18 टक्के जीएसटी धरला तर प्रत्यक्ष कामाला 5 लाख 8 हजारच उरतात, हे पण लक्षात ठेवा, नाहीतर 'सहा लाखात एवढंच?' म्हणून उगाच संशय येतो. कागद ग्रामपंचायतीत मागायचा, झेरॉक्सचे पैसे द्यायचे. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात मागायचा, पण आमच्याकडं भाऊसाहेबांनी लगेच दिला.

मग आम्ही 50 मीटरचा टेप घेऊन गल्लीत गेलो. सुरुवातीच्या घरापासून वळणापर्यंत माप भरलं 184 मीटर. कागदावर 220. आधी सगळ्यांना वाटलं झालं, 36 मीटर खाल्ले. मीटरला साधारण 2,727 रुपये पडत होते म्हणजे 98 हजारांचा फरक, आवाज चढायला लागले. पण शांतपणे नकाशा बघितला तर कळलं की इंजिनिअर साहेबांनी शेवटचे 36 मीटर वळणाच्या पुढं, नाल्यापर्यंत धरले होते, आणि ते माप बरोबरच होतं. फक्त ते 36 मीटर एका तात्यांच्या शेतातून जात होते आणि तात्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

सगळा प्रस्ताव इथंच अडकलेला होता. संमतीपत्र नाही म्हणजे ठेकेदार 184 मीटर बांधणार, वळणावर थांबणार, आणि रोजचे तीन टँकर पाणी तात्यांच्या बांधाला जाऊन साचणार. एमबीत म्हणजे मोजमाप पुस्तिकेत 184 मीटर लिहिले जातील, तेवढंच बिल निघेल, कागदोपत्री सगळं नियमात, आणि 11 जागी साचणारं पाणी एका जागी गोळा होऊन एकाच घराची वाट लागेल. तुमच्या तालुक्यात गटार अर्ध्यात संपून शेतात नाहीतर रस्त्यावर मोकळं झालेलं दिसलं तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

उताराचंही तसंच. गटाराला साधारण 200 मीटरला 1 मीटर उतार लागतो, नाहीतर गाळ बसतो. गवंड्याकडं लेव्हल पाईप असतो, पाणी भरलेला पारदर्शक पाईप, त्यानं दोन तासात गल्लीचा उतार कळतो. आमच्याकडं उतार मिळत होता. जिथं मिळत नाही तिथं बंदिस्त गटार म्हणजे वरून झाकलेलं डबकं होतं, आणि झाकलेलं असल्यामुळं तक्रार यायला दोन वर्षं जातात.

6 लाख जास्त का कमी, हे ठरवायचं कसं

एकटी रक्कम बघून काहीच कळत नाही. भाजी महाग का स्वस्त हे किलोच्या भावावरून कळतं, तसं इथं माणशी खर्च काढायचा. 6 लाख भागिले 350 माणसं, म्हणजे माणशी 1,714 रुपये. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या 2020 ला सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात 5 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्याच्या कामासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत निधी धरलेला होता.

याचा अर्थ 280 मध्ये सगळं होतं असा नाही, दाट वस्तीत नाही होत. पण इतका फरक दिसला की विचारायलाच पाहिजे, यापेक्षा स्वस्त रस्ता होता का आणि तो का सोडला. तो होता शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात गावच्या गावं शोषखड्ड्यांची झाली, त्याला लोक नांदेड पॅटर्न म्हणतात. अंगणात साधारण 4 फूट लांब-रुंद खड्डा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, मोरीचं पाणी आधी एका छोट्या चेंबरमधून जातं जिथं केस, भाताची शितं, गाळ अडतो, आणि मग टाकीतून जमिनीत मुरतं. उघड्यावर पाणी नाही म्हणजे डासांना अंडी घालायला जागा नाही.

आम्ही घरोघरी बघितलं, 70 पैकी 52 घरांना अंगणात किंवा बाजूला जागा होती, 18 घरं एकमेकांना खेटून होती. 52 शोषखड्डे प्रत्येकी साडेचार हजारानं 2 लाख 34 हजार. उरलेल्या 18 घरांसाठी फक्त 60 मीटर गटार, 1 लाख 64 हजार, आणि त्या गटाराच्या तोंडाशी दोन मोठे सामाईक शोषखड्डे, 80 हजार. सगळं मिळून 4 लाख 78 हजार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तात्यांच्या शेतात जायची गरजच संपली, कारण 18 घरांचं पाणी रोज चारेक हजार लिटर, ते तिथंच मुरवता येतं.

"आमच्याकडं काळी माती आहे, शोषखड्डा चालत नाही"

हा आक्षेप खरा आहे आणि तो धुडकावून चालणार नाही. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही, खड्डा भरून वर येतो आणि लोक वैतागून मोरीचा पाईप परत रस्त्यावर सोडतात. पण बऱ्याच ठिकाणी काळी माती वरचे 3-4 फूटच असते आणि खाली मुरूम लागतो. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी खणून बघायचं, तळाशी आणखी एक छोटा खड्डा करून रात्रभर पाणी भरून ठेवायचं म्हणजे माती आधी तृप्त होते, मग सकाळी परत भरून घड्याळ लावून बसायचं. मुरूम असेल तर पाणी डोळ्यादेखत उतरतं, चिकण माती असेल तर दुपारपर्यंत तसंच राहतं. आमच्या तीन खड्ड्यांपैकी एकात उतरलंच नाही, त्या बाजूची 6 घरं मग गटारात घ्यावी लागली आणि हिशोब थोडा बदलला. विहीर किंवा हातपंपाशेजारी, आणि जिथं पाणी जमिनीत वरच लागतं तिथं शोषखड्डा अजिबात नको, पिण्याचं पाणी नासेल.

आणि चेंबर. शोषखड्डा बंद पडतो तो बहुतेक चेंबर साफ न केल्यामुळं. घरच्याच माणसानं पंधरा दिवसाला हात घालून गाळ काढायचा असतो, ते होत नसेल तर दोन वर्षात टाकीची भोकं बुजतात. गटाराचीही देखभाल असतेच, 4 मजूर 3 दिवस, वर्षातून दोनदा, 500 रुपये मजुरी धरली तरी 12 हजार, आणि हे दरवर्षी. प्रस्तावात देखभालीची एक ओळ नसेल तर तो प्रस्ताव अर्धाच आहे असं समजा. आमच्यात नव्हती.

सह्या आहेत म्हणजे लोकसहभाग झाला का?

कायद्यानं ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे 20 माणसांत 40 लाखांचा आराखडा मंजूर होऊ शकतो आणि तो कायदेशीर असतो. त्यामुळं सह्या मोजून सहभाग कळत नाही.

मी दोनच गोष्टी बघतो. पहिली, खालून काय मागणी आली आणि वर काय मंजूर झालं याचा मेळ. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, तिचं इतिवृत्त काढून यादीशेजारी ठेवा. आमच्या महिला सभेच्या वहीत एका मावशींचं म्हणणं लिहिलेलं होतं, "गटार झालं तर आमच्या टोकाला घाण येणार, तिथं आम्ही पाणी भरतो." म्हणजे आम्हाला टेप आणि नकाशा घेऊन जे सापडलं ते त्यांनी तीन महिने आधी सांगितलं होतं, एका ओळीत लिहिलंही होतं, आणि अंदाजपत्रक करताना ती वही कुणी उघडली नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट, ज्याचं काहीतरी जातंय त्याला विचारलं का. फायदा होणारे लोक सभेला येतात, हात वर करतात. ज्याच्या शेतातून पाईप जाणार, ज्याच्या दारात खड्डा होणार, ज्याच्या टोकाला पाणी येणार, तो बहुतेक वेळा आलेला नसतो. त्याचं लेखी संमतीपत्र फाईलला आहे का बघा. तात्यांकडं आम्ही गेलो तेव्हा ते म्हणाले, "अरे, पाईप न्या की, पण मोकळं सोडू नका, माझ्या कांद्यात पाणी शिरलं तर मी काय करू?" त्यांचा विरोध नव्हता, त्यांची अट होती, आणि ती अगदी बरोबर होती.

"असं खोदत बसलो तर निधी परत जाईल"

ही भीती दाखवूनच घाईत मंजुऱ्या होतात. वेळेत खर्च व्हायला पाहिजे हे खरंच आहे, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो, आणि आराखड्यात नसलेल्या कामाचं पेमेंट होत नाही. पण बदल करायचा असेल तर ग्रामसभेच्या ठरावानं पूरक आराखडा करता येतो. आमची सगळी तपासणी, टेप, लेव्हल पाईप, मातीचे खड्डे, घरोघरी जागा बघणं, मिळून चार रविवार लागले. हे सगळं यादी फायनल व्हायच्या आधी केलं तर काहीच उशीर होत नाही, उशीर होतो तो ठेकेदार अर्ध्यात थांबल्यावर, कारण मग संमती, सुधारित अंदाजपत्रक, परत तांत्रिक मान्यता, सगळी फेरी पहिल्यापासून.

ग्रामसभेत नवीन प्रस्ताव 6 घरांच्या दुरुस्तीसकट मंजूर झाला. खड्डे आणि 60 मीटरपेक्षा थोडं लांब झालेलं गटार पावसाळ्याआधी बांधून झालं. त्यानंतरच्या फेब्रुवारीत आशा ताईंनी परत गल्ली मोजली, साचलेल्या जागा निघाल्या 3. ठरवलं होतं 2. तिसरी जागा एका घराची होती जिथं चेंबर तुंबलं होतं आणि पाईप परत रस्त्यावर काढलेला होता, ते घर भाड्यानं दिलेलं, नवीन भाडेकरूला चेंबर म्हणजे काय हेच कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी जाऊन झाकण उघडून दाखवलं.